हवेतून पसरणारा संसर्ग आणि दारावरची पाटी: वॉर्डात होणाऱ्या या चुका टाळा

फुप्फुसाच्या टीबीचा एक रुग्ण आमच्या वॉर्डातल्या बाजूच्या खोलीत होता. थुंकीत जंतू सापडलेले, खोकला भरपूर. सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी त्याला दुसऱ्या रुग्णालयात हलवलं. त्याला स्ट्रेचरवर घेतानाच सिस्टरने दारावरची पाटी काढली आणि फाइलसोबत कपाटात ठेवली. रुग्ण गेला, मग पाटी कशाला, असा साधा हिशोब. साडेअकराला मावशी चादरी काढायला आत गेल्या, तोंडावर काहीच नव्हतं. बारा वाजता त्याच खोलीत पुढचा रुग्ण आला.

चौकशी केली तेव्हा लक्षात आलं की कोणीही नियम मोडला नव्हता. लेखी सूचनाच तशी होती: ‘रुग्ण खोलीत असेपर्यंत पाटी ठेवावी.’ चूक त्या वाक्यातच होती. संसर्ग नियंत्रणाचं काम करताना मला सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावी लागलेली गोष्ट हीच आहे. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाची पाटी रुग्णाची नसते, त्या खोलीतल्या हवेची असते. हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बहुतेक चुका आपोआप दिसायला लागतात.

रुग्ण गेला की पाटी काढणे

टीबी, गोवर आणि कांजिण्या या तिन्हींचे जंतू अतिसूक्ष्म कणांवर बसून हवेत तरंगत राहतात. खोकणारा माणूस गेला तरी हे कण लगेच खाली बसत नाहीत. गोवराचा विषाणू तर रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. खोली मोकळी होते ती हवा बदलल्यावर, आणि हवा किती वेळात बदलते हे मोजता येतं.

आमच्या त्या खोलीचाच हिशोब मांडते. लांबी ५ मीटर, रुंदी ४ मीटर, उंची ३ मीटर, म्हणजे ६० घनमीटर हवा. एक्झॉस्ट फॅन तासाला प्रत्यक्षात २४० घनमीटर हवा बाहेर टाकत होता. २४० भागिले ६०, म्हणजे तासाला ४ वेळा हवा बदलते. पण चार वेळा बदलते म्हणजे पंधरा मिनिटांत खोली स्वच्छ होते असं नाही. आत येणारी नवी हवा जुन्या हवेत मिसळते आणि पंखा ते मिश्रण बाहेर टाकतो. त्यामुळे कण एकदम संपत नाहीत, टप्प्याटप्प्याने कमी होत जातात. तासाला ४ वेळा हवा बदलत असेल तर ९९ टक्के कण जायला ६९ मिनिटं लागतात आणि ९९.९ टक्के जायला १०४ मिनिटं.

आता घड्याळ लावून बघा. मावशी आत गेल्या तेव्हा रुग्णाला जाऊन १० मिनिटं झाली होती, म्हणजे हवेतले जवळजवळ निम्मे कण तिथेच होते. पुढचा रुग्ण आला तेव्हा ४० मिनिटं झाली होती आणि साधारण ७ टक्के कण शिल्लक होते. ९९ टक्क्यांची वेळ होती १२ वाजून २९ मिनिटं आणि ९९.९ टक्क्यांची १ वाजून ४ मिनिटं. पाटी एक वाजेनंतर उतरायला हवी होती.

हवा तासाला ६ वेळा बदलत असेल तर ९९.९ टक्क्यांसाठी ६९ मिनिटं पुरतात आणि १२ वेळा बदलत असेल तर ३५ मिनिटं. दोनच वेळा बदलत असेल तर २०७ मिनिटं, म्हणजे साडेतीन तासांच्या आसपास. हे आकडे खोलीतली हवा सगळीकडे सारखी मिसळते असं धरून काढलेले आहेत. कोपऱ्यात कपाट असेल, पडदे ओढलेले असतील, तर तिथली हवा रेंगाळते. म्हणून मी नेहमी ९९.९ टक्क्यांचा, म्हणजे लांबचा वेळ धरते.

इथे एक फसगत हमखास होते. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा हिशोबात धरला जातो. पात्यांवर धूळ असते, बाहेरच्या झडपा अर्धवट उघडतात, पाइपला वळणं असतात. खरा प्रवाह छापील आकड्यापेक्षा बराच कमी निघू शकतो. तो बायोमेडिकल किंवा देखभाल विभागाकडून वायुवेगमापकाने मोजून घ्यावा आणि त्या खोलीपुरती मिनिटं काढून दाराच्या चौकटीवर कायमची लिहून ठेवावीत. मोजलेलं नसेल तर खोली संथ आहे असं समजून तासाला दोनचा हिशोब धरा.

रुग्ण गेल्यानंतरच्या या वेळात दार बंद, एक्झॉस्ट चालू आणि पाटी जागेवर. साफसफाई करायचीच असेल तर एन-९५ लावून करता येते. ती मुळीच करू नये असं नाही, मास्कशिवाय करू नये.

पाटीवर नाव आहे, पण काम नाही

अनेक वॉर्डांत लाल अक्षरांत फक्त ‘एअरबोर्न आयसोलेशन’ एवढंच लिहिलेलं असतं. ज्याने प्रशिक्षण घेतलंय त्याला ते पुरेसं वाटतं. पण त्या दारातून जेवणाची गाडी नेणारा येतो, रक्ताचा नमुना घेणारा तंत्रज्ञ येतो, रात्री बदली म्हणून आलेली सिस्टर येते, रुग्णाची आई येते. त्यांना संसर्गाचा प्रकार कळण्याची गरज नाही. पुढच्या दहा सेकंदांत हाताने काय करायचं ते कळायला हवं.

पाटीवरचा मजकूर काम ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने असावा. आम्ही शेवटी ठरवलेला मजकूर असा होता:

थांबा. आत जाण्याआधी सिस्टरना विचारा.
१. हात स्वच्छ करा.
२. एन-९५ मास्क इथेच, बाहेर लावा. गळती तपासा.
३. आत गेल्यावर दार लगेच बंद करा.
४. बाहेर या, दार बंद करा, मगच मास्क काढा. हात स्वच्छ करा.
रुग्ण बाहेर गेल्याची वेळ: ____ ही पाटी ____ वाजेपर्यंत काढू नये. सही: ____

त्यावर आजाराचं नाव नाही आणि ते असूही नये. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला रुग्णाचं निदान कळण्याचं कारण नाही. काळजी कशी घ्यायची ते निदान न लिहिताही पूर्ण सांगता येतं.

पाटी लावण्याची जागाही चुकते. आतल्या बाजूला उघडणाऱ्या दाराच्या फळीवर ती लावली की दार उघडं असताना पाटी फळीबरोबर आत जाते आणि येणाऱ्याला दिसतच नाही. दार उघडं राहिलं आहे, म्हणजे इशाऱ्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तेव्हाच ती गायब. मुठीच्या बाजूच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि तिच्या खालीच मास्कचा खोका व हँडरब ठेवा. मास्क नर्सिंग स्टेशनच्या कपाटात असेल तर घाईच्या वेळी तो लावला जात नाही, हे कितीही रागावून बदलत नाही.

एका पाटीत सगळंच

याच्या उलटी चूक म्हणजे गाऊन, ग्लोव्हज, गॉगल, टोपी, बुटांवरची पिशवी अशी सगळी चित्रं एका पाटीवर. हेतू चांगला असतो. पण फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णाला पाण्याचा ग्लास द्यायला जाताना गाऊन आणि ग्लोव्हजची गरज नसते, गरज असते मास्कची. दर फेरीला पाच गोष्टी चढवायला लागल्या की दोन दिवसांत माणसं आपापली सूट घ्यायला लागतात. त्या सुटीत कोणती गोष्ट गळेल हे आपल्या हातात राहत नाही. मी गाऊन नीट बांधलेला आणि मास्क नाकाखाली आलेला कर्मचारी पाहिला आहे. त्याला वाटत होतं, बरंच काही केलंय.

कांजिण्यांचं मात्र वेगळं आहे. त्यातले फोड आणि त्यांतला स्राव स्पर्शातूनही संसर्ग देतात, म्हणून तिथे हवेच्या पाटीशेजारी स्पर्शजन्य संसर्गाची दुसरी पाटी लागते आणि गाऊन व ग्लोव्हज आवश्यक होतात. दोन पाट्या वेगळ्या ठेवल्या की गरजेप्रमाणे एक किंवा दोन लावता येतात. नेहमीची खबरदारी मात्र कुठल्याच पाटीमुळे सुटत नाही. टीबीच्या रुग्णाचं सक्शन करताना थुंकी उडणार असेल तर डोळ्यांचं संरक्षण आणि ग्लोव्हज लागतातच.

मास्कची अदलाबदल आणि आत ठेवलेला डबा

साधा सर्जिकल मास्क रुग्णाने लावायचा, एन-९५ कर्मचाऱ्याने. सर्जिकल मास्क बोलताना, खोकताना बाहेर पडणारे थेंब अडवतो, पण गालांच्या बाजूने हवा सहज आत ओढली जाते. एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसतो म्हणून हवा गाळणीतूनच यावी लागते. घाईत हे उलटं होतं. धाप लागलेल्या रुग्णाला एन-९५ लावलेला मी पाहिला आहे, तोही झडप असलेला. झडपेतून श्वास न गाळता बाहेर येतो, म्हणजे रुग्णाच्या बाबतीत मास्कचा उपयोगच गेला, आणि त्याला श्वास घ्यायला त्रास झाला तो वेगळाच.

मास्क लावल्यावर दर वेळी गळती तपासायची असते. दोन्ही तळहात मास्कवर हलके ठेवून जोरात श्वास सोडा. नाकाजवळून हवा आली तर पट्टी पुन्हा दाबा, गालाजवळून आली तर इलॅस्टिकचे पट्टे सरकवा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच आणि खालचा कानांखाली मानेवर असावा. चष्म्याच्या काचा धुरकट होत असतील तर नाकाजवळ गळती आहे हे त्यावरूनही कळतं. दाढी असेल तर मास्क बसतच नाही, कितीही पट्टे ओढले तरी. कोणाला कोणता आकार आणि कोणतं मॉडेल बसतं याची फिट टेस्ट कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी व्हायला हवी. रोजची गळती तपासणी तिची जागा घेत नाही.

मास्क काढायच्या चुकीचं कारण मात्र बहुतेक वेळा माणसात नसून डब्यात असतं. वॉर्डात मी गेले की पहिल्यांदा कचऱ्याचा डबा कुठे आहे ते बघते. मास्कचा डबा खोलीच्या आत असेल तर माणसं मास्क आतच काढणार, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. गाऊन आणि ग्लोव्हज वापरले असतील तर ते आत, दाराजवळ काढायचे, त्यासाठी आत एक डबा हवा. मास्क बाहेर येऊन दार बंद झाल्यावर काढायचा, त्यासाठी दुसरा डबा दाराबाहेर. दोन डबे ठेवल्यावर आमच्याकडे ही तक्रार जवळजवळ बंद झाली, वेगळं प्रशिक्षण न देता.

दुसऱ्या खोलीची पाटी उचलून आणणे

ही चूक फार कमी लोकांच्या लक्षात येते. एखाद्या मोठ्या रुग्णालयाची सुंदर छापलेली पाटी मिळते. तिच्यावर लिहिलेलं असतं: ‘दार व खिडक्या बंद ठेवा.’ तीच जशीच्या तशी वॉर्डात लागते.

ती पाटी ऋण दाबाच्या खोलीसाठी बनलेली असते. अशा खोलीतून यंत्राने जास्त हवा बाहेर ओढली जाते, त्यामुळे आतला दाब कॉरिडॉरपेक्षा थोडा कमी राहतो आणि दाराच्या फटीतून हवा नेहमी आतच जाते. हा फरक फार लहान असतो. किमान २.५ पास्कल पुरतो, पण खिडकी उघडली की तोही संपतो. तिथे खिडकी बंद हवीच.

पण ज्या खोलीत असं यंत्र नाही, फक्त खिडक्या आणि साधं दार आहे, तिथे खिडकी बंद केली तर हवा बदलण्याचा एकमेव मार्ग बंद होतो. नैसर्गिक वायुवीजनाच्या खोलीसाठी सूचना उलटी असते: बाहेर मोकळ्या हवेत उघडणाऱ्या खिडक्या उघड्या आणि वॉर्डाकडचं दार बंद. पाटीतला एकच शब्द बदलला की संरक्षण होतं किंवा नाहीसं होतं. म्हणून पाटी छापण्याआधी खोली कोणत्या प्रकारची आहे ते ठरवा आणि खिडकीबद्दलची ओळ त्यानुसार स्वतंत्रपणे खोलीच्या आत, खिडकीजवळच लावा. खिडकीला हात तिथेच लागतो.

एसीचाही यात गोंधळ होतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा सोडतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. एसी चालू आणि खिडक्या बंद, म्हणजे खोकणाऱ्या रुग्णाची तीच हवा गार होऊन फिरत राहते.

हवा कुठे जाते हे पाहायला एक टिश्यू पेपर पुरतो. दार बंद करा, बाहेर उभे राहा आणि टिश्यूची अरुंद पट्टी दाराच्या खालच्या फटीजवळ धरा. पट्टी आत ओढली गेली तर ठीक. हलली नाही किंवा बाहेर उडाली तर खोलीतली हवा कॉरिडॉरमध्ये येते आहे. ऋण दाबाच्या खोलीत रुग्ण असेपर्यंत ही तपासणी रोज करायची आणि वेळेसह नोंदवायची, भिंतीवरचा डिजिटल मीटर हिरवा दाखवत असला तरी. मीटर बिघडतो, टिश्यू बिघडत नाही.

पट्टी बाहेर उडाली तर आधी साध्या गोष्टी बघा: एखादी खिडकी उघडी राहिली आहे का, एक्झॉस्टच्या जाळीवर धूळ किंवा कोणी लावलेला कागद आहे का, स्वच्छतागृहाचं दार बदललं आहे का, कॉरिडॉरमध्ये मोठा पंखा दाराकडे तोंड करून ठेवला आहे का. यातलं काही नसेल तर देखभाल विभागाला कळवा आणि तोपर्यंत रुग्णाला दुसऱ्या योग्य खोलीत न्या. ते शक्य नसेल तर रुग्णाला झेपेल तितका वेळ सर्जिकल मास्क लावा आणि दारासमोरची वर्दळ वळवा. एक धोका विशेष लक्षात ठेवा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांसाठीच्या काही खोल्यांत मुद्दाम धन दाब असतो आणि हवा बाहेर ढकलली जाते. ‘आयसोलेशन रूम’ या एकाच नावाखाली टीबीचा रुग्ण चुकून तिथे गेला, तर ती खोली त्याचा खोकला सगळ्या कॉरिडॉरला वाटते.

आत कोण जाणार हे न ठरवणे

गोवर आणि कांजिण्यांच्या खोलीसाठी पाटीपेक्षा ड्युटीचा तक्ता जास्त महत्त्वाचा. ज्यांना त्या आजाराची प्रतिकारशक्ती आहे, म्हणजे लसीच्या पूर्ण मात्रा झाल्या आहेत किंवा आजार खात्रीने होऊन गेला आहे, त्यांनाच तिथे नेमावं. बाकीच्यांनी, विशेषतः गरोदर आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या कर्मचाऱ्यांनी, आत जाऊच नये. ही यादी आधीपासून तयार हवी. रात्री दोन वाजता रुग्ण आल्यावर ‘तुला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का गं?’ असं विचारून ड्युटी लावणं ही आमच्याकडे अनेक वर्षं चाललेली पद्धत होती आणि ती चुकीची होती. प्रतिकारशक्ती नसलेली व्यक्ती चुकून संपर्कात आली तर तिला लगेच कळवायला लावा. गोवरासाठी पहिल्या संपर्कानंतरच्या ५व्या दिवसापासून शेवटच्या संपर्कानंतरच्या २१व्या दिवसापर्यंत आणि कांजिण्यांसाठी ८व्यापासून २१व्यापर्यंत तिला कामावर ठेवत नाहीत. संपर्कानंतरची लस किंवा इंजेक्शन द्यायचं असेल तर त्यालाही ठराविक दिवसांचीच मुदत असते.

एक्स-रेला नेताना आणि कायमची उतरवताना

शक्यतो तपासणी खोलीतच करा. न्यावंच लागलं तर आधी त्या विभागाला फोन करा, रुग्णाला सर्जिकल मास्क लावा आणि रांगेत बसवू नका. खोली रिकामी दिसते म्हणून तेवढ्या वेळात पाटी काढू नका. कारण वरच्या हिशोबात आहेच. तोच हिशोब एक्स-रेच्या खोलीलाही लागू होतो, रुग्ण तिथे मास्क काढून खोकला असेल तर.

रुग्ण वॉर्डातच असताना आयसोलेशन थांबवायचं असेल तर तो निर्णय उपचार करणारे डॉक्टर आणि संसर्ग नियंत्रण पथक लेखी देतात. ‘खोकला कमी झाला’ हे कारण चालत नाही. टीबीत औषधांना प्रतिसाद आणि थुंकीचे अहवाल दोन्ही पाहतात. गोवरात पुरळ आल्यापासून ४ दिवस, आणि कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरून नवे फोड थांबेपर्यंत. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ही मुदत वाढते.

ड्युटी बदलताना फक्त ‘आयसोलेशनचा एक रुग्ण आहे’ असं सांगू नका. तीन गोष्टी सांगा: टिश्यूची शेवटची तपासणी कधी झाली आणि काय दिसलं, आज आत कोणाला पाठवायचं, आणि रुग्ण बाहेर गेला असेल तर पाटी किती वाजता उतरणार. त्या प्रसंगानंतर आमच्या पाटीवरची शेवटची ओळ रिकामी दिसली की बंद दारासमोर मावशी थांबतात आणि सिस्टरला हाक मारतात, “ताई, वेळ लिहिली नाहीये, आत जाऊ का?” मग सिस्टर येऊन घड्याळ बघते, मिनिटं मोजते आणि वेळ लिहून खाली सही करते.